काळ्या पत्र्यातला रस्ता

गेल्या डिसेंबरात एका कादंबरीच्या मुखपृष्ठाचे काम माझ्याकडे आले. कादंबरी १९८४ सालच्या मुंबईतली. प्रकाशकांच्या छायाचित्रकाराने बॅलार्ड इस्टेटमध्ये एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोटो काढला होता. त्या भागातल्या दगडी इमारती पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या, सगळ्या साधारण एकाच उंचीच्या, आणि रविवारी रस्ते मोकळे असतात, त्यामुळे जुना काळ दाखवायला ही जागा फार सोयीची. फोटो सुरेख होता. समोरच्या दोन इमारतींमधल्या गल्लीतून ऊन रस्त्यावर उतरले होते. अडचण एकच होती. त्या उन्हात, पलीकडच्या फुटपाथला लागून, एक चंदेरी रंगाची आजची हॅचबॅक उभी होती. मालक सापडला नाही, गाडी हलली नाही. ती काढून तिथे काळी-पिवळी पद्मिनी उभी करायची, हे माझे काम.

खरी पद्मिनी आणून उभी करणे आता सोपे राहिलेले नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली. हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून आहेत, पण मुखपृष्ठाच्या खर्चात त्या बसत नाहीत. माझ्याकडे पद्मिनीचे चांगले थ्रीडी मॉडेल होते, म्हणजे संगणकात घडवलेली, हवी तशी फिरवता येणारी गाडी. ती फोटोत बसवायची होती.

माप जुळवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. फोटोच्या फाइलमध्ये लेन्सची नोंद होती, ३५ मिलिमीटर. छायाचित्रकाराने सांगितले की कॅमेरा जमिनीपासून साधारण एक मीटर साठ सेंटिमीटरवर होता आणि गाडी सात मीटरवर. फुटपाथची कड आणि इमारतीच्या खिडक्यांच्या रेषा लांबवून त्या कुठे मिळतात ते पाहिले की कॅमेऱ्याचा कोन कळतो. राहिला आकार. उभ्या हॅचबॅकच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर माहितीपत्रकात २४५० मिलिमीटर होते आणि ते फोटोत मोजता येत होते, म्हणजे पट्टी आपोआपच मिळाली. पद्मिनीचे हेच अंतर २३४० मिलिमीटर. लांबी ३ मीटर ९३, उंची १ मीटर ४७. खरा फरक होता रुंदीत. आजच्या हॅचबॅकपेक्षा पद्मिनी सुमारे पाव मीटरने अरुंद. दोन्ही गाड्या फुटपाथपासून सारख्या अंतरावर ठेवल्या, तर नव्या गाडीची आपल्याकडची बाजू तेवढी मागे जाते आणि आधी गाडीखाली झाकलेला रस्ता उघडा पडतो.

हे सगळे अर्ध्या दिवसात झाले. आजूबाजूचे प्रतिबिंब आणि उजेड यांसाठी मी विकत मिळणाऱ्या तयार परिसर-चित्रांतले एक वापरले. युरोपातल्या कुठल्याशा जुन्या चौकाचे, दगडी इमारती आणि थोडे ऊन असलेले. सूर्य योग्य बाजूला फिरवून घेतला, गाडी रेंडर केली, सावली टाकली आणि पाठवून दिली. प्रकाशनाच्या कलादिग्दर्शक बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "गाडी छान आहे, पण ती इथली वाटत नाही. दुसरीकडे उभी असताना फोटो काढून इथे चिकटवल्यासारखी दिसतेय." कुठे चुकले ते त्यांना सांगता येत नव्हते, आणि तशी गरजही नव्हती. बघणाऱ्याला कारण कळत नाही, खोट मात्र दिसते. कारण शोधणे हे माझे काम होते, आणि ते शोधताना मी जे शिकले ते इथे सांगते.

स्वयंपाकघरातला चकचकीत स्टीलचा तांब्या घ्या आणि त्याच्याकडे नीट बघा. तांब्याचा स्वतःचा रंग कुठे दिसतो? दिसते ती खिडकी, ओट्याची कड, तुमची साडी, वरचा दिवा. तांब्या तिथून उचलून गॅलरीत नेला की त्याचा सगळा 'रंग' बदलतो. गाडीचे थोडेफार तसेच आहे. क्रोमचा बंपर आणि चाकावरची वाटी तर सरळ तांब्याच. रंगवलेला पत्रा त्या मानाने कमी आरसा असतो, पण गाडी काळी असली की पत्र्याला स्वतःचे दाखवण्यासारखे फारसे उरत नाही आणि बघणाऱ्याला जे दिसते ते बहुतेक परिसराचेच असते. चंदेरी रंगात धातूचे बारीक कण असतात, ते उजेड विखुरतात, त्यात प्रतिबिंब हरवून जाते. म्हणजे चंदेरी गाडीच्या जागी काळी गाडी ठेवताना मी नुसती गाडी बदलत नव्हते. फोटोत आधी नसलेला एक मोठा, वाकडातिकडा, काळा आरसा आणून ठेवत होते. त्या आरशात बॅलार्ड इस्टेटच दिसायला हवी होती, आणि मी त्यात युरोपातला चौक भरला होता.

आता कुठल्या भागात काय दिसायला हवे, ते पाहू. गाडीचा दरवाजा जवळजवळ उभा असतो. उभ्या आरशाचा एक साधा नियम आहे. आपल्या डोळ्याच्या उंचीवर क्षितिज दिसते आणि त्याच्या खाली जमीन. कॅमेरा एक मीटर साठवर, आणि पद्मिनीचा अख्खा दरवाजा त्याच्या खाली. म्हणजे दरवाज्याच्या पत्र्यात मुख्यतः रस्ता दिसणार. किती लांबचा, तेही मोजता येते. जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर पत्र्यात दिसतो तो गाडीपासून दीड-पावणेदोन मीटरवरचा डांबरी रस्ता. साठ सेंटिमीटरवर दिसतो चार मीटरवरचा. ऐंशी सेंटिमीटरवर दिसते सात मीटरवरची जमीन, म्हणजे जिथे छायाचित्रकाराचे बूट आहेत ती जागा. आणि नव्वदवर नऊ मीटरची, म्हणजे त्याच्या पाठीमागची.

माझ्या पहिल्या प्रयत्नात दरवाज्याच्या मधोमध चौकातली झाडे आणि इमारती आडव्या पसरल्या होत्या. पत्र्याच्या त्या उंचीवर त्या दिसूच शकत नाहीत. कलादिग्दर्शक बाईंनी हे गणित मांडले नव्हते, पण त्यांनी आयुष्यभर रस्त्याकडेला उभ्या गाड्या पाहिल्या होत्या. दरवाज्याच्या खालच्या भागात रस्ता असतो हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना पाठ आहे, फक्त आपण ते कधी शब्दांत म्हणत नाही.

खिडकीच्या काचांची गोष्ट वेगळी, कारण त्या आतल्या बाजूला कललेल्या असतात. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकते. काच दहा अंश कलली की त्यात वीस अंश वरचे दिसते. आजच्या हॅचबॅकच्या काचा चांगल्याच कललेल्या असतात, म्हणून त्यांच्यात बहुधा आकाश पांढरेशुभ्र दिसते. पद्मिनीच्या काचा त्या मानाने सरळ उभ्या, त्यामुळे त्यांच्यात समोरच्या इमारतीचे मजले दिसतात, खिडक्यांसकट. मूळ फोटोतल्या हॅचबॅकवरची प्रतिबिंबे उचलून नव्या गाडीवर चढवावीत असा विचार नवशिक्याच्या मनात हमखास येतो, माझ्याही आला होता. ते का जमत नाही, ते या दुपटीच्या हिशोबातून कळते. पत्र्याचा उतार पाच अंशांनी वेगळा असला तरी प्रतिबिंब दहा अंशांनी हलते. एका मॉडेलचे प्रतिबिंब दुसऱ्या मॉडेलच्या अंगावर बसत नाही.

बॉनेट आणि टप यांची तऱ्हा याहून निराळी. हे भाग आडवे असतात आणि आपण त्यांच्याकडे फार तिरक्या नजरेने बघतो. बॉनेट सुमारे नव्वद सेंटिमीटरवर, कॅमेरा त्याहून फक्त सत्तर सेंटिमीटर वर आणि सात मीटर लांब. नजर पत्र्याला जवळजवळ घासूनच जाते. रंगाचा वरचा थर काचेसारखा वागतो. त्याच्याकडे सरळ समोरून पाहिले तर तो आलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्के परत पाठवतो. नजर तिरकी होऊ लागली की हे प्रमाण आधी हळूहळू वाढते आणि शेवटी झपाट्याने. साठ अंशांच्या तिरकेपणाला ते नऊ टक्के होते, ऐंशीला चाळीसच्या घरात जाते, आणि आमच्या बॉनेटवर निम्म्याच्याही वर जात होते. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचे गणित बसवले, त्याच्याच नावाने ते ओळखले जाते. संध्याकाळी तळ्याकाठी उभे राहिलात तर पायाजवळच्या पाण्यात तळ दिसतो आणि लांबच्या पाण्यात फक्त आकाश, ते याच कारणाने.

म्हणून काळ्या टॅक्सीचे बॉनेट फोटोत काळे दिसत नाही. ते मागच्या भिंतीच्या रंगाचे दिसते, जरा काळवंडलेले. आणि ते प्रतिबिंब उलटे असते, डोके खाली, पाय वर. पिवळ्या टपाचे तर फारच बारकाईने पाहावे लागले. टप कॅमेऱ्याच्या उंचीपेक्षा फक्त तेरा सेंटिमीटर खाली. त्याची आपल्याकडची गोल कड खाली वळते, तिथे पिवळा रंग भरून दिसतो. पण मधला सपाट भाग एका अंशाच्या नजरेने दिसतो आणि तिथे पिवळेपण धुऊन जाऊन मागच्या इमारतीचा दगडी रंग चढतो. पिवळ्या पट्टीच्या वर एक फिकट, करडी, केसासारखी रेघ. ती रेघ आल्यावर टप एकदम पत्र्याचा वाटू लागला. तोवर तो रंगीत कागदाचा वाटत होता.

यातून कामाची सगळी दिशा ठरली. बॉनेट आणि टप यांच्यात दिसते ते गाडीच्या पलीकडचे, म्हणजे फोटोतच असलेले. दरवाजे आणि काचा यांच्यात दिसते ते कॅमेऱ्याच्या बाजूचे आणि पाठीमागचे, म्हणजे फोटोत नसलेलेच. छायाचित्रकाराने ज्याच्याकडे पाठ केली होती, ती अर्धी दुनिया आणल्याशिवाय दरवाजा पुरा होत नाही.

ती दुनिया आणायची रीत आता जुनी झाली आहे. १९७६ मध्ये जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल या दोघांनी संगणकातल्या एका चहाच्या किटलीवर खोलीचे चित्र प्रतिबिंबासारखे चढवून दाखवले. परिसराचे एक गोलाकार चित्र घ्यायचे आणि पत्र्याचा प्रत्येक ठिपका कुठल्या दिशेला बघतो ते काढून तिथला रंग उचलायचा, ही कल्पना त्यांची. १९९८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल डेबेव्हेकने तिला खऱ्या जागेच्या उजेडाची जोड दिली. त्याने आरशासारखा चकचकीत गोळा त्या जागी ठेवला, कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो काढले आणि त्यांतून प्रत्येक दिशेने खरोखर किती उजेड येतो ते मांडले. चकचकीत गोळ्यात जवळजवळ सगळे जग मावते, गोळ्याच्या नेमके पाठीमागचे थोडेसे सोडून. गोळ्याच्या वर्तुळाच्या आतल्या अर्ध्या भागात कॅमेऱ्याकडचे अर्धे जग दिसते आणि बाहेरच्या कडेच्या कड्यात गोळ्यामागचे उरलेले अर्धे दाबून बसते. कडेला सगळे फार चेपते, म्हणून गोळ्याचा फोटो दोन बाजूंनी काढतात. जाहिरातींच्या धंद्यात तर लंडनच्या 'द मिल' कंपनीने २०१६ मध्ये 'ब्लॅकबर्ड' नावाची एक सांगाड्यासारखी गाडीच बनवली. तिची लांबी-रुंदी हव्या त्या मॉडेलइतकी कमी-जास्त करता येते आणि तिच्यावरचे कॅमेरे चालता चालता आजूबाजूचे टिपतात. मागाहून तिच्यावर संगणकातली कुठलीही गाडी चढवायची.

माझ्याकडे तसले काही नव्हते. मी पुढच्या रविवारी त्याच वेळेला तिथे गेले. आठवड्यात सूर्य फारसा हलत नाही, आणि आभाळही तसेच होते, डिसेंबरातले मुंबईचे धुरकट, निळ्यापेक्षा पांढऱ्याकडे झुकणारे. नशिबाने हॅचबॅक त्या दिवशी नव्हती. आधी छायाचित्रकाराच्या जागेवरून, त्याच उंचीवरून रिकाम्या रस्त्याचा फोटो घेतला, म्हणजे उघडा पडणारा रस्ता आणि मागची भिंत अंदाजाने रंगवायला नको. मग गाडीचा मध्य जिथे येणार होता तिथे, जमिनीपासून सत्तर सेंटिमीटरवर, ट्रायपॉड लावला आणि फिशआय लेन्सने चार दिशांचे आणि एक वरचा असे फोटो काढले. प्रत्येक दिशेचे सात फोटो, दर वेळी उजेड चौपटीने कमी करत. सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या फोटोत चार हजार पटींचा फरक पडतो.

इतका खटाटोप का, असे तिथल्या पहारेकऱ्याने विचारले. त्याला सांगितले ते असे. एका फोटोत ऊन पडलेली भिंत आणि कमानीखालची सावली दोन्ही नीट येत नाहीत. भिंत फटफटीत पांढरी होऊन बसते, आणि पांढऱ्याच्या पुढे फोटोला आकडाच नाही. पण काळ्या पत्र्यावर त्या भिंतीचा चार टक्केच उजेड परततो. खरी भिंत कागदापेक्षा वीसपट उजळ असेल तर तिच्या चार टक्क्यांत काळ्या पत्र्यावर स्वच्छ दिसणारे प्रतिबिंब होते. फोटोने तिला कागदाइतकीच पांढरी समजली तर तिचे चार टक्के म्हणजे काहीच नाही, आणि गाडी मेलेली, कोळशासारखी दिसते. सूर्य तर चार हजार पटींतही मावत नाही. तो आभाळापेक्षा लाखभर पटींनी उजळ आहे. म्हणून चित्रातला सूर्य पुसून त्याच जागी संगणकात वेगळा दिवा ठेवावा लागतो, अर्ध्या अंशाच्या रुंदीचा, कारण आकाशात सूर्याची थाळी तेवढीच दिसते.

त्या अर्ध्या अंशाला फार महत्त्व आहे. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, म्हणून सावलीची कड धारदार नसते. सावली पाडणारी वस्तू जमिनीपासून लांब असेल तितकी कड पुसट होते, मीटरमागे साधारण नऊ मिलिमीटर. टायरपाशी सावली सुरीने कापल्यासारखी, आणि टपाच्या सावलीची कड बोटभर मऊ. सगळीकडे सारखीच मऊ सावली टाकली की गाडी तरंगू लागते. डिसेंबरात सकाळी दहाला मुंबईत सूर्य सुमारे चौतीस अंशांवर असतो, म्हणजे सावली उंचीच्या दीडपट. ऊन गाडीच्या पलीकडून येत होते, त्यामुळे पद्मिनीची सावली आपल्याकडे रस्त्यावर दोनेक मीटर पसरणार होती.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मला फार आनंद झाला. दरवाज्याच्या खालच्या भागात जवळचा रस्ता दिसतो, आणि जवळच्या रस्त्यावर तर गाडीची स्वतःचीच सावली आहे. म्हणजे जमिनीपासून साधारण पस्तीस सेंटिमीटरपर्यंत पत्र्यात सावलीतला काळा रस्ता दिसणार, आणि त्याच्या वर एकदम उन्हातला उजळ रस्ता. दरवाज्याच्या तळाशी एक आडवी सीमारेषा. पण संगणक ही रेषा आपणहून आणत नव्हता. कारण गोलाकार परिसर-चित्र सगळे जग अनंत अंतरावर आहे असे धरून चालते. लांबच्या इमारतींना ते चालून जाते. हाताच्या अंतरावरच्या रस्त्याला नाही. शिवाय ते चित्र घेताना तिथे गाडी नव्हती, मग तिची सावली कुठून असणार? म्हणून गाडीखाली एक सपाट जमीन अंथरावी लागते आणि परिसर-चित्रातला रस्ता तिच्यावर उतरवावा लागतो. समोरच्या इमारतीसाठी एक साधी उभी भिंत, तिच्यावर तिचे चित्र. आता सावली त्या जमिनीवर पडते आणि दरवाज्यात दिसते. रेषा आली तेव्हा गाडी रस्त्यावर टेकली.

पत्रा मात्र अजून फार नवा दिसत होता. शोरूममधल्या गाडीवर वरचा पारदर्शक थर गुळगुळीत असतो. त्या काळच्या टॅक्सीवर तसा थर नव्हता. एनॅमल रंग, अनेकदा गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला, संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचसखल, फडक्याने रोज पुसून पुसून बारीक चरे पडलेला. अशा पत्र्यात खिडकीची चौकट सरळ दिसत नाही, लहरते, आणि कडा पसरतात. दरवाजा आणि मडगार्ड यांच्या फटीपाशी प्रतिबिंब किंचित तुटून पुढे सरकते, कारण दोन पत्रे कधी तंतोतंत एका पातळीत नसतात. धूळ आडव्या भागावर जास्त बसते, म्हणून बॉनेटवरचे प्रतिबिंब दरवाज्यापेक्षा मळके. हे सगळे थोडे थोडे करायचे असते. जास्त झाले की भंगारातली गाडी होते, आणि टॅक्सीवाले आपली गाडी तशी ठेवत नसत.

प्रत्येक वेळी पुन्हा त्या जागी जाता येतेच असे नाही. जुन्या फोटोतला रस्ता आता उरलेलाही नसतो. मग फोटोतच शोध घ्यावा लागतो. शेजारच्या गाडीची काच, दुकानाची काच, पाण्याचे डबके, आणि ज्या गाडीला काढायचे तिचीच क्रोमची पट्टी, यांत कॅमेऱ्यामागचे तुकडे मिळतात. उरलेले फोटोतल्याच इमारती उलट्या करून भरतात. फिकट किंवा धुळकट गाडीवर ते खपते, काळ्या चकचकीत गाडीवर नाही. अजून एक सापळा आहे. मूळ फोटो काढताना लेन्सवर पोलरायझर फिल्टर असेल तर काही कोनांतली काचेवरची आणि रंगावरची प्रतिबिंबे त्याने दाबलेली असतात, विशेषतः छप्पन्न अंशांच्या आसपासची. अशा फोटोत पूर्ण प्रतिबिंबांची नवी गाडी ठेवली तर ती एकटीच चमकते. म्हणून मी छायाचित्रकाराला पहिला प्रश्न विचारते तो फिल्टरचा.

शेवटी सगळे जुळवून पाहताना दोन गोष्टी उरल्या होत्या. एक माणूस. छायाचित्रकार पुढच्या चाकासमोर उभा होता. त्याचे बूट मडगार्डच्या पत्र्यात ऐंशी सेंटिमीटरवर आणि तो स्वतः त्याच्या वर दिसायलाच हवा. माझे परिसर-चित्र त्याच्याशिवाय घेतलेले. मी तिथे एक पुसट, काळपट, उभी आकृती ठेवली. मुखपृष्ठावर ती कुणाला दिसणार नाही, पण ती काढून पाहिली तेव्हा त्या जागी पत्रा रिकामा वाटला.

दुसरी गोष्ट मला छपाईच्या नमुन्यावर दिसली. बॉनेटच्या वरून, मागच्या कार्यालयाच्या काचेच्या दरवाज्यात, चंदेरी हॅचबॅक अजून उभी होती. मूळ फोटोतला काचेचा तुकडा मी तसाच ठेवला होता, आणि काचेला माहीत नव्हते की गाडी गेली. त्या काचेत दिसते ती गाडीची पलीकडची, फुटपाथकडची बाजू, जी कॅमेऱ्याला सरळ दिसतच नाही. आमची टॅक्सी उजवीकडे तोंड करून उभी, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरची बाजू आणि काचेकडे डावी. आणि पद्मिनी टॅक्सीचा मीटर असायचा बाहेर, डाव्या बाजूला, काचेच्या खाली. आतापर्यंत मी गाडीची ती बाजू नीट सजवलीही नव्हती. त्या रात्री मीटर बसवला, त्याची पत्र्याची पाटी उभी केली, आकडे उलटे येतील याची खात्री केली, आणि काचेचा तो दोन बोटांएवढा तुकडा पुन्हा रेंडर केला. त्यात आता पिवळ्या टपाखाली मीटरची डबी दिसते, थोडी धूसर, काचेच्या हिरवट रंगात.

सकाळी फाइल पाठवली. बाईंनी फोनवर गाडीबद्दल काहीच विचारले नाही. त्या शीर्षकाच्या अक्षरांबद्दल बोलत होत्या, ती टॅक्सीच्या टपाला लागतात का म्हणून.